एक तक्ता, तीन दर: जननदरांच्या सरावसंचाच्या कामाच्या नोंदी

४ जून

लोकसंख्याशास्त्राच्या पेपरसाठी जननदरांवर गणितांचा एक संच तयार करतो आहे. ढोबळ जन्मदर, एकूण जननदर आणि निव्वळ पुनरुत्पादन दर, म्हणजे आपण बोलताना म्हणतो ते सीबीआर, टीएफआर आणि एनआरआर, हे तीन दर त्यात येतील. बहुतेक सरावपुस्तकांत प्रत्येक दराला वेगळा तक्ता दिलेला असतो. त्यामुळे मुलं तीन सूत्रं तीन वेगळ्या कृती म्हणून पाठ करतात. पेपरात “तिन्ही दर काढा आणि तुलना करा” असा प्रश्न आला की गणित बरोबर येतं, पण तुलनेच्या जागी तिन्हींच्या व्याख्या लिहून येतात. म्हणून ठरवलं की तक्ता एकच ठेवायचा, त्यातूनच तिन्ही उत्तरं काढायची आणि ती वेगळी का येतात ते त्याच आकड्यांत दिसू द्यायचं.

पहिला तक्ता टाकून द्यावा लागला. स्त्रियांची संख्या आणि जन्म हे आकडे मनाने भरले होते, म्हणून वयोगटनिहाय दर ११८.३७, १४३.०६ असे निघू लागले. सोडवणाऱ्याचा सगळा जीव दशांशांत अडकतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. यात बराच वेळ गेला. शेवटी उलट बाजूने सुरुवात केली: आधी वयोगटनिहाय दर पूर्णांकात ठरवले, मग स्त्रियांची संख्या गोल ठेवली, आणि दोन्हींच्या गुणाकारातून जन्म काढले. असा संच करू पाहणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

दर म्हणजे त्या वयोगटातल्या दर १,००० स्त्रियांमागे वर्षभरात झालेले जन्म. लोकसंख्या दोन घेतल्या, अ आणि ब. दोन्हींची एकूण लोकसंख्या २,००,०००. वयोगटनिहाय दर दोन्हीकडे अगदी सारखेच ठेवले. फरक एवढाच की अ मध्ये तरुण स्त्रिया जास्त आहेत आणि ब मध्ये चाळिशीकडे झुकलेल्या जास्त.

| वयोगट | दर (दर हजारी) | अ: स्त्रिया | अ: जन्म | ब: स्त्रिया | ब: जन्म |
|---|---|---|---|---|---|
| १५–१९ | २० | १०,००० | २०० | ४,५०० | ९० |
| २०–२४ | १२० | १०,००० | १,२०० | ५,००० | ६०० |
| २५–२९ | १५० | ९,००० | १,३५० | ५,००० | ७५० |
| ३०–३४ | ८० | ८,००० | ६४० | ६,००० | ४८० |
| ३५–३९ | ३० | ७,००० | २१० | ७,००० | २१० |
| ४०–४४ | ८ | ६,००० | ४८ | ७,५०० | ६० |
| ४५–४९ | २ | ५,००० | १० | ८,००० | १६ |
| बेरीज | ४१० | ५५,००० | ३,६५८ | ४३,००० | २,२०६ |

विद्यार्थ्यांना देताना दराचा स्तंभ काढून टाकायचा. स्त्रिया आणि जन्म यांवरून तो त्यांनीच काढायचा आहे.

६ जून

ढोबळ जन्मदराचा भाग लवकर झाला. वर्षातले एकूण जिवंत जन्म भागिले वर्षाच्या मध्याची एकूण लोकसंख्या, गुणिले १,०००.

अ: ३,६५८ ÷ २,००,००० × १,००० = १८.२९
ब: २,२०६ ÷ २,००,००० × १,००० = ११.०३

इथे एक भर घातली. पेपरात वर्षमध्याची लोकसंख्या नेहमी आयती मिळत नाही. वर्षाच्या सुरुवातीची १,९६,००० आणि शेवटची २,०४,००० असे दोन आकडे देतात आणि छेद आपण ठरवायचा असतो. दोन्हींची सरासरी २,००,०००. सुरुवातीचा आकडा घेतला तर अ चा दर १८.६६ येतो, शेवटचा घेतला तर १७.९३. तिन्ही उत्तरं दिसायला पटण्यासारखी आहेत, त्यामुळे चूक नजरेला खुपत नाही. वर्षाच्या दोन टोकांचे आकडे दिसले की आधी सरासरी काढायची, हे उत्तरसूचीत पहिल्याच ओळीत लिहिलं.

तुलनेचा खरा प्रश्न इथेच उभा राहतो. दोन्हीकडे प्रत्येक वयाच्या स्त्रीला मूल होण्याचं प्रमाण तंतोतंत सारखं आहे. तरी अ चा जन्मदर ब पेक्षा दीडपटीहून मोठा दिसतो. ढोबळ जन्मदराच्या छेदात पुरुष, लहान मुलं, म्हातारी माणसं असे सगळेच येतात, आणि अंशातले जन्म मात्र ठराविक वयाच्या स्त्रियांनाच होतात. अशा स्त्रियांचा वाटा जिथे मोठा, तिथे जन्मदर फुगतो. अ मध्ये १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया एकूण लोकसंख्येच्या २७.५ टक्के आहेत आणि ब मध्ये २१.५ टक्के.

९ जून

संच दोन मैत्रिणींना आणि एका ज्युनियरला सोडवायला दिला. टीएफआरची तीन उत्तरं आली: ०.४१, २.३३ आणि २.०५. बरोबर उत्तर २.०५. बाकीची दोन्ही उत्तरं परीक्षेत अनेकांच्या हातून येतात, म्हणून ती कशी आली ते सविस्तर नोंदवतो.

०.४१ मध्ये पाचने गुणायचं राहून गेलं. दरांची बेरीज ४१० आहे. पण २० ते २४ या गटाचा १२० हा दर त्या गटातल्या एका वर्षाचा असतो. स्त्री त्या गटात पाच वर्षं घालवते, म्हणून तिच्या वाट्याला पाच वेळा १२० येतं. सगळे गट पाच-पाच वर्षांचे असल्याने बेरजेलाच एकदा पाचने गुणून चालतं: ५ × ४१० = २,०५०. हे झालं १,००० स्त्रियांमागे, म्हणजे एका स्त्रीमागे २.०५. तक्ता एकेका वयाचा दिला असेल तर पाचने गुणायचं नाही. गट दहा वर्षांचे असतील तर दहाने गुणायचं. “५” हा आकडा सूत्रातला कायमचा पाहुणा नाही, तो गटाची रुंदी आहे. उत्तर एकाहून कमी आलं की प्रथम इथेच बघावं.

२.३३ चा उगम शोधायला जास्त वेळ गेला, कारण सोडवणाऱ्या मैत्रिणीची बेरीज-वजाबाकी निर्दोष होती. तिने सगळे जन्म सगळ्या स्त्रियांनी भागले: ३,६५८ ÷ ५५,००० × १,००० = ६६.५१. हा सर्वसाधारण जननदर झाला. मग प्रजननक्षम वय ३५ वर्षांचं, म्हणून ३५ ने गुणलं: २,३२८, म्हणजे एका स्त्रीमागे २.३३. युक्तिवाद वरवर बिनचूक वाटतो. तीच कृती ब वर केली की तो कोसळतो. ब चा सर्वसाधारण जननदर ५१.३०, आणि ३५ ने गुणल्यावर १.८०. दोन्हीकडचे वयोगटनिहाय दर एकच असताना एकीकडे २.३३ आणि दुसरीकडे १.८० येऊच शकत नाही.

कारण असं की सर्वसाधारण जननदर हीही एक सरासरीच आहे, आणि तिच्यात प्रत्येक वयोगटाचं वजन तिथल्या स्त्रियांच्या संख्येइतकं पडतं. अ मध्ये विशीतल्या स्त्रिया जास्त, त्यामुळे १२० आणि १५० हे मोठे दर जास्त वेळा मोजले जातात. ब मध्ये ४५ ते ४९ च्या ८,००० स्त्रिया आहेत आणि त्यांचा दर २, म्हणून सरासरी खाली ओढली जाते. टीएफआरमध्ये प्रत्येक वयोगटाला सारखंच वजन मिळतं. दरांची साधी सरासरी ४१० ÷ ७ = ५८.५७. तिला ३५ ने गुणलं की २.०५ येतंच. म्हणून “आधी प्रत्येक गटाचा दर, मग बेरीज” हा क्रम कधी उलटा करायचा नाही. आधी जन्म आणि स्त्रियांची बेरीज करून मग भागाकार केला, की वयोरचना मागच्या दाराने परत आत येते.

स्प्रेडशीटमध्ये तपासणाऱ्यांसाठी: `B` मध्ये स्त्रिया, `C` मध्ये जन्म, आणि `D` मध्ये दर असेल तर

```
D2:  =C2/B2*1000
टीएफआर:  =5*SUM(D2:D8)/1000
```

उत्तरसूचीत २.३३ चं गणितही पूर्ण मांडलं आणि शेजारी ब चं १.८० ठेवलं.

१३ जून

पुनरुत्पादन दरांकडे वळलो. टीएफआर मुलगे आणि मुली दोन्ही मोजतो. पुनरुत्पादन दर विचारतो की एका स्त्रीच्या जागी पुढच्या पिढीत किती स्त्रिया येतील. म्हणून आधी फक्त मुली वेगळ्या काढायच्या, तो स्थूल पुनरुत्पादन दर. मग त्या मुलींपैकी जननवयापर्यंत आणि त्यातून पुढे किती जिवंत राहतात ते लावायचं, तो निव्वळ.

मुलींचा वाटा काढण्यासाठी जन्मावेळचं लिंग गुणोत्तर १०० मुलींमागे १०५ मुलगे असं घेतलं. मानवी लोकसंख्येत हस्तक्षेप नसेल तर ते साधारण एवढंच असतं. मुलींचा वाटा १०० ÷ २०५ = ०.४८७८.

स्थूल पुनरुत्पादन दर = २.०५ × १०० ÷ २०५ = १.०००

वयोगटनिहाय दर निवडताना बेरीज ४१० ठेवली होती ती याचसाठी. स्थूल दर नेमका एक आला की निव्वळ दर एकाच्या खाली जितका जाईल तो सगळा मृत्यूमुळे, हे डोळ्यांनी दिसतं.

ज्युनियरने इथे २.०५ ला १.०५ ने भागलं आणि १.९५ आणलं. मुलगे भागिले मुली हे गुणोत्तर आणि एकूण जन्मांत मुलींचा वाटा यांची गल्लत झाली. स्थूल दर टीएफआरच्या निम्म्याहून जरासा कमी असतो, एवढं लक्षात ठेवलं तर १.९५ लगेच पकडता येतं. काही जण सरळ दोनाने भागतात आणि १.०२५ काढतात. पेपरात गुणोत्तर दिलेलं असताना तसं करू नये. इथे तर त्या एका चुकीने उत्तर एकाच्या वरच जाऊन बसतं आणि निष्कर्षाला धक्का लागतो.

तक्त्यात मुलींचे जन्म वयोगटनिहाय वेगळे दिले असतील तर गुणोत्तराची गरजच नाही, थेट मुलींच्या जन्मांवरून दर काढायचे. प्रश्न नीट वाचून हे आधी ठरवावं. दोन्ही करणारे मुलींच्या दरांना पुन्हा ०.४८७८ ने गुणतात.

१४ जून

आजचा पूर्ण दिवस जीवन तक्त्याच्या एकाच स्तंभावर गेला. एनआरआरच्या गणितात सगळ्यात जास्त गुण इथेच जातात, आणि दोष बऱ्याच वेळा प्रश्नाच्या मांडणीत असतो.

जगण्याची माहिती दोन रूपांत मिळते. कधी “जगण्याचं प्रमाण” म्हणून ०.९८, ०.९७ असे अंक देतात. कधी जीवन तक्त्यातला `5Lx` स्तंभ देतात: १,००,००० मुली जन्मल्या तर त्या गटात त्यांनी मिळून जगलेली वर्षं, जसं ४,९०,०००. दोन्हींत माहिती तीच आहे. १,००,००० पैकी सरासरी ९८,००० जणी त्या गटात जिवंत, आणि प्रत्येकीची पाच वर्षं, म्हणून ४,९०,०००. म्हणजे `5Lx` मध्ये पाच आधीच आलेला आहे. ०.९८ मध्ये तो आलेला नाही.

प्रमाण दिलं असेल तर शेवटी पाचने गुणायचं. `5Lx` दिला असेल तर १,००,००० ने भागायचं आणि पाचने गुणायचं नाही. टीएफआरच्या सवयीने हात पुन्हा पाचकडे जातो आणि एनआरआर ४.८६ येतो. तपासणी सोपी आहे: निव्वळ दर स्थूल दरापेक्षा मोठा कधीच येत नाही, कारण जन्मलेल्या मुलींपेक्षा जिवंत राहिलेल्या मुली जास्त असू शकत नाहीत. १.००० च्या पुढे ४.८६ दिसलं की थांबून एककं बघायची. कधी तक्ता १,००,००० ऐवजी १,००० किंवा १ जन्मापासून सुरू होतो, तेही पहिल्या ओळीत पाहून घ्यावं.

तिसरी अडचण `lx` आणि `5Lx` यांची. `lx` म्हणजे नेमक्या त्या वयाला, उदाहरणार्थ विसाव्या वाढदिवशी, किती जिवंत होत्या. गटातली सरासरी त्याहून थोडी कमी असते. मृत्यूदर कमी असेल तर फरक नगण्य, पण पद्धत म्हणून गटाला गटाचाच आकडा लावायचा. फक्त `lx` दिला असेल तर लागोपाठच्या दोन वयांची सरासरी घेऊन काम होतं.

१८ जून

एनआरआरची दोन गणितं पूर्ण केली. दोन्हीकडे जननदर तेच, फक्त जगण्याचं प्रमाण बदललं. पहिलं उदाहरण कमी मृत्यूंचं, दुसरं जास्त मृत्यूंचं. दर × प्रमाण हा गुणाकार आधी केला आणि मुलींचा वाटा सगळ्यात शेवटी एकदाच लावला. प्रत्येक ओळीत २.०५ ने भागलं की ९.७५६, ५८.५३७ असे आकडे सात वेळा लिहावे लागतात आणि पूर्णांकन करताना चुका शिरतात. मुलींचा वाटा सगळ्या वयांना सारखाच धरला असल्यामुळे शेवटी लावला तरी उत्तर तेच येतं.

| वयोगट | दर | प्रमाण (कमी मृत्यू) | गुणाकार | प्रमाण (जास्त मृत्यू) | गुणाकार |
|---|---|---|---|---|---|
| १५–१९ | २० | ०.९८ | १९.६० | ०.८० | १६.०० |
| २०–२४ | १२० | ०.९८ | ११७.६० | ०.७८ | ९३.६० |
| २५–२९ | १५० | ०.९७ | १४५.५० | ०.७५ | ११२.५० |
| ३०–३४ | ८० | ०.९७ | ७७.६० | ०.७२ | ५७.६० |
| ३५–३९ | ३० | ०.९६ | २८.८० | ०.६९ | २०.७० |
| ४०–४४ | ८ | ०.९५ | ७.६० | ०.६६ | ५.२८ |
| ४५–४९ | २ | ०.९४ | १.८८ | ०.६२ | १.२४ |
| बेरीज | ४१० | | ३९८.५८ | | ३०६.९२ |

कमी मृत्यू: ५ × ३९८.५८ ÷ १,००० = १.९९३, आणि ÷ २.०५ केल्यावर एनआरआर = ०.९७२
जास्त मृत्यू: ५ × ३०६.९२ ÷ १,००० = १.५३५, आणि ÷ २.०५ केल्यावर एनआरआर = ०.७४९

हा तक्ता मला संचाचा गाभा वाटतो. टीएफआर दोन्हीकडे २.०५ आहे. एकीकडे पुढची पिढी ३ टक्क्यांनी कमी पडते आणि दुसरीकडे २५ टक्क्यांनी. नुसता टीएफआर सांगून पिढी भरून निघते की नाही हे कळत नाही, हे वाक्य पाठ करण्यापेक्षा ३९८.५८ आणि ३०६.९२ शेजारी बघितल्यावर जास्त पक्कं बसतं.

याच तक्त्यातून २.१ चा उलगडा होतो. एनआरआर नेमका १ यायला टीएफआर किती हवा? जननदरांचा वयानुसार आकार तोच ठेवून सगळे सारख्या प्रमाणात वाढवले, तर २.०५ ÷ ०.९७२ = २.११. पुस्तकांत ‘प्रतिस्थापन पातळी २.१’ म्हणून येतो तो हा आकडा. त्यातला २.०५ पर्यंतचा भाग मुलगे थोडे जास्त जन्मतात म्हणून लागतो, आणि उरलेला सहा शतांश जननवय पार करण्याआधी गेलेल्या मुलींसाठी. जास्त मृत्यूंच्या उदाहरणात तोच भागाकार २.०५ ÷ ०.७४९ = २.७४ देतो. तेव्हा २.१ हा आकडा कमी मृत्यूदर असलेल्या लोकसंख्येपुरता आहे. “टीएफआर २.५ आहे, लोकसंख्या प्रतिस्थापनेच्या वर आहे का?” या प्रश्नाला मृत्यूंची माहिती पाहिल्याशिवाय हो म्हणू नये. दुसऱ्या उदाहरणातल्या मृत्यूदराला २.५ पुरत नाही.

२२ जून

तुलनेचा प्रश्न पुन्हा लिहिला. आधीचा मसुदा “तिन्ही दरांतील फरक स्पष्ट करा” असा होता आणि तिघांनीही व्याख्याच लिहून आणल्या. नवा प्रश्न असा:

“लोकसंख्या अ चा एनआरआर ०.९७२ आहे. तिचा ढोबळ जन्मदर १८.२९ आणि ढोबळ मृत्यूदर ७ आहे. स्थलांतर नाही. लोकसंख्या वाढते आहे की घटते आहे?”

दोन उत्तरं ‘घटते आहे’ अशी आली, एनआरआर एकाहून कमी म्हणून. प्रत्यक्षात या वर्षी दर हजारी १८.२९ − ७ = ११.२९ ची वाढ आहे. २,००,००० लोकसंख्येत ३,६५८ जन्म आणि १,४०० मृत्यू, म्हणजे २,२५८ माणसं वाढली. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, कारण ती वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ढोबळ जन्मदर आणि मृत्यूदर आजच्या माणसांच्या आजच्या वयांवर काय घडलं ते सांगतात. एनआरआर सांगतो की आजचे वयोगटनिहाय जनन आणि मृत्यू असेच टिकले तर एका पिढीतल्या मुली आपल्या आयांची जागा किती भरतील. अ मध्ये तरुण स्त्रिया आधीच भरपूर आहेत. प्रत्येकीला थोडी कमी मुलं झाली तरी आया संख्येने जास्त असल्यामुळे जन्म पुष्कळ होतात, आणि म्हातारी माणसं कमी म्हणून मृत्यू थोडे. याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात. या तरुण स्त्रिया वयस्कर होतील तशी रचना ब च्या दिशेने सरकेल आणि ढोबळ जन्मदर उतरेल. ब चे ११.०३ आधी काढलेले आहेतच, तेच उत्तरात वापरावेत. लिहिताना “दर कायम राहिले तर, दीर्घकाळात” हे शब्द गाळू नयेत. आणि स्थलांतर एनआरआरमध्ये धरलेलंच नसतं.

२४ जून

एक पुरवणी. ज्युनियरने विचारलं, “सर, टीएफआर २.०५ म्हणजे आजच्या बायकांना सरासरी २.०५ मुलं झाली, असंच ना?” तसं नाही. टीएफआर एका वर्षाचे सात गटांचे दर एका काल्पनिक स्त्रीच्या आयुष्यात ओळीने मांडतो. १५–१९ चा दर आजच्या किशोरींचा, ४५–४९ चा दर त्यांच्या आयांच्या वयाच्या स्त्रियांचा. अशी स्त्री प्रत्यक्षात कुणीच नसते.

जपानचं १९६६ हे वर्ष याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. तिथल्या पंचांगात ते साल मुलींच्या जन्माला अशुभ मानलं गेलं. टीएफआर १९६५ मध्ये २.१४ होता, १९६६ मध्ये १.५८ झाला आणि १९६७ मध्ये २.२३ वर गेला. एका वर्षात स्त्रियांचा कुटुंबाबद्दलचा विचार बदलून पुन्हा पूर्ववत झाला असं नाही, अनेकांनी जन्म त्या वर्षातून पुढे-मागे हलवले. जन्म लांबणीवर पडले की टीएफआर खाली जातो, मग त्या स्त्रियांना शेवटी तेवढीच मुलं झाली तरी. एनआरआर याच दरांवर उभा असल्यामुळे हीच मर्यादा त्यालाही लागू होते. रॉबर्ट कुझिन्स्की यांनी १९२० च्या दशकात पश्चिम आणि उत्तर युरोपसाठी हा दर मांडून तिथल्या लोकसंख्या स्वतःला भरून काढत नाहीत असं दाखवलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या बऱ्याच देशांत जन्म वाढले. त्यांचा भागाकार चुकला नव्हता, पण दर तसेच राहतील ही अट टिकली नाही.

संचात एका ओळीचा प्रश्न घातला: १९६६ च्या जपानी टीएफआरवरून काढलेला एनआरआर एकाहून कमी येतो. त्यावरून पिढी भरून निघणार नाही असा निष्कर्ष काढता येईल का? कारण द्या.

२७ जून

शेवटचा भाग, झटपट पडताळणी. पेपरात वेळ संपत आलेली असताना सात ओळींचा गुणाकार तपासायला सवड नसते. एनआरआरचा अंदाज असा येतो: स्थूल दर गुणिले माता होण्याच्या सरासरी वयापर्यंत जगण्याचं प्रमाण. सरासरी वय दरांवरून काढायचं. प्रत्येक गटाचं मधलं वय (१७.५, २२.५…) गुणिले त्याचा दर, सगळ्यांची बेरीज ११,३३५, भागिले ४१० = २७.६ वर्षं. हे वय २५–२९ च्या मध्याजवळ पडतं, म्हणून त्या गटाचं प्रमाण घ्यायचं.

कमी मृत्यू: १.००० × ०.९७ = ०.९७, पूर्ण गणिताचं उत्तर ०.९७२
जास्त मृत्यू: १.००० × ०.७५ = ०.७५, पूर्ण गणिताचं उत्तर ०.७४९

सरासरी वय इथेही आधी दरांवरूनच काढलं, जन्मांच्या संख्येवरून काढलं नाही, कारण जन्मांवरून काढलं तर ९ जूनच्या नोंदीतली वयोरचनेची अडचण परत येते.

यावरूनच तोकड्या माहितीचे प्रश्नही सुटतात. नमुना: टीएफआर २.८७, लिंग गुणोत्तर १०५, माता होण्याचं सरासरी वय २८, त्या वयापर्यंत जगण्याचं प्रमाण ०.९०. स्थूल दर २.८७ ÷ २.०५ = १.४०. एनआरआर साधारण १.४० × ०.९० = १.२६. दर कायम राहिले तर प्रत्येक पिढीत मुलींची संख्या २६ टक्क्यांनी वाढेल. पिढीची लांबी २८ वर्षं धरली तर वार्षिक वाढ १.२६ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमला, म्हणजे ०.२३१ ला, २८ ने भागून सुमारे ०.८ टक्के येते. २६ ला सरळ २८ ने भागणाऱ्यांना ०.९ च्या पुढे मिळतं. चक्रवाढ धरायची असल्याने लॉगॅरिदमचीच पद्धत उत्तरसूचीत ठेवली आहे.